फोन आडवा धरू का उभा? एका चादरीच्या रीलचा हिशोब

दिवाळीच्या आधी मावसभावाचा फोन आला, म्हणाला दादा रील टाकलीय दुकानाची, बघ आणि सांग कशी झाली. काकांचं सोलापूरला नवी पेठेत चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. मी उघडून बघितली तर पहिल्यांदा वाटलं आपलंच नेट स्लो आहे म्हणून धूसर दिसतंय. थोडं थांबलो, परत लावली, तरी तेच. चादर होती, रंग होते, पण मोराचं डिझाईन म्हणजे नुसता निळा डाग, आणि चादरीचे दोन्ही बाजूचे काठ गायब. भाव किती ते तर दिसतच नव्हतं.

"भाव टाकलाच नाही का रे?"

"टाकलाय की. खाली लिहिलाय बघ मोठ्या अक्षरात."

लिहिला होता खरंच, पण त्याच्यावर दुकानाचं अकाउंट नाव, कॅप्शन, गाण्याचं नाव असं सगळं येऊन बसलं होतं. मग त्याला विचारलं, शूट कसं केलंस? म्हणे आडवा फोन धरून केलं, पिच्चर कसं आडवं असतंय बे, म्हटलं भारी दिसेल, मग ॲपमध्ये उभं करून घेतलं. आता हे "उभं करून घेतलं" म्हणजे नेमकं काय झालं, तेच आज सांगतो, कारण ही चूक मी स्वतः दोन लग्नांच्या शूटला केलेली आहे आणि तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

फोनमधला साधा फुल एचडी व्हिडिओ, म्हणजे सेटिंगमध्ये 1080p लिहिलेलं असतं तो, आडवा धरला की १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असतो. ठिपका म्हणजे पिक्सेल, चित्राचा सगळ्यात लहान दाणा. रीलला पाहिजे बरोबर उलटं, १०८० रुंद आणि १९२० उंच. आता आडव्या चित्रातून उभा तुकडा कापायचा तर उंची जास्तीत जास्त १०८० च मिळणार, त्याच्यापेक्षा उंच चित्रच नाही तिथे. आणि रीलचं माप ९:१६, म्हणजे ९ रुंद तर १६ उंच, त्या मापात १०८० उंचीला रुंदी किती बसते? साधारण ६०८. म्हणजे १९२० मधले फक्त ६०८ ठिपके ठेवले, बाकीचे डावी-उजवीकडचे तेराशेच्या वर ठिपके फेकून दिले. चित्राचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षासुद्धा थोडा कमी भाग उरला.

बरं, एवढ्यावर थांबत नाही. रीलला १०८० रुंदी लागते आणि आपल्याकडे आहेत ६०८, मग ॲप काय करतं, तो तुकडा पावणेदोन पटीपेक्षा थोडा जास्त ताणतं, रुंदीतही आणि उंचीतही. हिशोब केला तर कापलेल्या तुकड्यात साडेसहा लाख ठिपके आणि भरायचे आहेत वीस लाख सत्तर हजार. म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या दर तीन ठिपक्यांमागे एकच कॅमेऱ्याने खरंच बघितलेला, बाकीचे दोन ॲपने शेजारच्यांचा अंदाज घेऊन भरलेले. चेहरा असला तर हे फार कळत नाही, गाल असाही गुळगुळीतच असतो. पण चादर म्हणजे सगळा दोऱ्यांचा खेळ, तिथे लगेच उघडं पडतं.

काही जण म्हणतात की मग शेवटी एक्सपोर्ट करताना 4K निवडायचं ना. त्यानं फाईल जड होते, बाकी काही नाही. जे दोरे कॅमेऱ्यातून आलेच नाहीत ते एक्सपोर्टच्या बटणातून कुठून येणार.

आता तीच चादर घेऊन बघू, म्हणजे हे डोळ्यासमोर येईल. दुकानात टेप होती, मोजली, ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब. भावाने ती वरच्या दांडीला लांबीने लटकवली होती, म्हणजे समोरून बघितलं तर चादर उभी. त्याने आडव्या फोनमध्ये वरपासून खालपर्यंत चादर बरोबर बसवली. म्हणजे ९० इंचाला १०८० ठिपके, एका इंचाला १२. याच मापाने ६० इंच रुंदीला ७२० ठिपके लागतात. पण उभा तुकडा कापल्यावर आपल्याकडे आहेत फक्त ६०८! म्हणून काठ गेले. दोन्ही बाजूंनी साडेचार-पाच इंच चादर चित्राच्या बाहेर पडली, आणि सोलापुरी चादरीत काठच नाही दाखवला तर गिऱ्हाईक बघणार काय.

त्याला ते शूट करताना कळलं नाही कारण आडव्या फ्रेममध्ये चादरीच्या दोन्ही बाजूला भरपूर रिकामी जागा दिसत होती. मागे रॅक, टॉवेलच्या घड्या, काकांची खुर्ची, सगळं व्यवस्थित. त्याला वाटलं जागा आहे. जागा होती पण ती कापली जाणारी होती.

हीच चादर उभ्या फोनमध्ये घेतली तर? रुंदी १०८० ठिपके, चादर ६० इंच, म्हणजे इंचाला १८. उंचीत १६२० ठिपके खपले आणि वर-खाली मिळून ३०० शिल्लक राहिले. काठ आत, सगळी चादर आत, आणि दर इंचाला बाराच्या जागी अठरा खरे ठिपके. काहीच ताणलेलं नाही. फोन तोच, सेटिंग तेच, फक्त मनगट फिरवलं.

इथे एक शंका लोकांना असते की उभा फोन धरला की क्वालिटी कमी होते का. नाही होत. आतला सेन्सर लांबट चौकोनी असतो, फोन फिरवला की तोही फोनबरोबर फिरतो, लांब बाजू उभी होते एवढंच. उभ्या व्हिडिओला नावं ठेवतात ती टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या सवयीमुळे, कारण तिथे बाजूला काळे पट्टे येतात.

मग सगळं उभंच घ्यायचं का? शॉर्ट क्लिपच करायची आहे, दुसरीकडे कुठे वापरायची नाही, तर हो, उभंच घ्या, विचार करत बसू नका. यूट्यूबलाही शॉर्ट म्हणून जायचं तर व्हिडिओ उभा किंवा चौकोनी लागतो, आडवा गेला तर तो साधा व्हिडिओ म्हणून जातो. (ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट ३ मिनिटांपर्यंत चालतो, आधी एकच मिनिट होतं.) अडचण येते ती दोन्ही पाहिजे असतं तेव्हा. काकांना रील पण पाहिजे होती आणि दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर फिरत राहील अशी आडवी क्लिप पण. आपल्याकडे लग्नात पण हेच, घरच्यांना टीव्हीवर बघायला आडवं आणि नवरीला स्टेटसला उभं.

यासाठी उपाय 4K. आडवा 4K म्हणजे ३८४० बाय २१६०. यातून उभा तुकडा कापला तर उंची २१६० आणि रुंदी १२१५. रीलला पाहिजे १०८० बाय १९२०. म्हणजे भागलं! ताणायची गरजच नाही, उलट थोडं आवळावं लागतं. पण नीट बघा, १०८० ला १२१५ म्हणजे फक्त साडेबारा टक्के वरकड. भाकरी पोटापुरती झाली, शिळी उरायला नाही. एडिटिंगमध्ये अजून थोडं झूम करू, मोरावर जाऊ, म्हणाल तर ती साडेबारा टक्के लगेच संपते आणि परत ताणाताणी सुरू. याउलट उभाच 4K घेतला, म्हणजे २१६० रुंद, तर रीलसाठी बरोबर दुप्पट झूम करता येतो, एकही ठिपका न ताणता. आपल्या चादरीला इंचाला ३६ ठिपके मिळतात तिथे, दोऱ्याची वीण दिसते अक्षरशः.

आणि उलटं पण होतं, उभ्या 4K मधून आडवी पट्टी कापली तर २१६० बाय १२१५ मिळते, जी फुल एचडी टीव्हीच्या १९२० बाय १०८० ला पुरते. हिशोब तोच, फक्त आडवा केलेला. त्यामुळे प्रश्न "कुठलं बरोबर" असा नाहीच, प्रश्न असा की जास्त महत्त्वाचं काय आहे, जे महत्त्वाचं तसा फोन धरा आणि दुसऱ्याला पोटापुरतं मिळतंय का बघा.

मला विचाराल तर सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत हा निर्णय सगळ्यात सोपा कळतो. एकटा नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली ती उंच मानाची काठी, जवळून जातोय, खाली बाराबंदीतला माणूस आणि वर टोकापर्यंत ध्वज, तर फोन उभा. आडवा धरला तर तो टोकापासून पायापर्यंत बसवायला तुम्हाला इतकं मागे जावं लागेल की माणूस मुंगीएवढा होईल, आणि त्या गर्दीत मागे जाणार कुठे. पण सातही नंदीध्वज एका ओळीत उभे असलेले दाखवायचे तर ते आडवंच दृश्य आहे, त्याचा उभा तुकडा कापला तर दोन-तीन ध्वज उरतील आणि बाकीचे कापले जातील, कितीही के असू दे. ठिपके पुरले म्हणून दृश्य पुरतं असं नाही. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि लोक त्यात गल्लत करतात.

आता शूट करताना कसं कळणार की उभा तुकडा कुठे कापला जाईल? फोनवर तर रेघ नसते. असते की! ग्रिड चालू करा. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात ग्रिड, आणि बाकीच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये ग्रिड लाइन्स किंवा तसलंच काहीतरी नाव असतं. स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा येतात, नऊ घरं होतात. ही ग्रिड फोटो छान यावा म्हणून असते असं सगळे सांगतात, पण तिचा खरा फायदा मला इथे झाला. 4K आडव्या चित्राचे तीन उभे भाग केले तर मधला भाग १२८० ठिपक्यांचा. आणि रीलचा तुकडा १२१५ चा. जवळजवळ तोच! म्हणजे ग्रिडचा मधला उभा पट्टा म्हणजेच तुमची रील, दोन्ही बाजूंनी किंचित आत धरून. फोन आडवा धरलाय, ग्रिड चालू आहे, मधल्या पट्ट्यात सगळं महत्त्वाचं बसलं तर रील होईल, नाही बसलं तर होणार नाही. त्यासाठी कॅल्क्युलेटर नको आणि वेगळं ॲप पण नको.

भावाकडे ग्रिड चालू असती तर त्याला तिथेच दिसलं असतं की चादरीचे काठ मधल्या पट्ट्याच्या बाहेर सांडतायत.

एक सावध राहायचं. काही फोनमध्ये रेकॉर्डचं बटण दाबलं की चित्र थोडं आत सरकतं, जवळ आल्यासारखं. हात हलतो तो लपवायला फोन कडेची थोडी जागा राखून ठेवतो म्हणून असं होतं. म्हणून फ्रेम लावताना एकदा रेकॉर्ड चालू करून मगच काठ आत आहेत का बघा, नाहीतर आधी बसवलेलं मग बसत नाही.

तुकडा मधलाच घ्यायचा असं पण काही नाही म्हणा. आडव्या शूटची एक मजा आहे की कापायची खिडकी नंतर डावीकडे-उजवीकडे सरकवता येते. काका डावीकडे बसलेत, गिऱ्हाईक उजवीकडे, काका बोलतात तेव्हा डावा तुकडा, गिऱ्हाईक बोलतं तेव्हा उजवा, एकाच शूटमधून दोन कॅमेरे असल्यासारखं होतं. पण खिडकी हळूहळू सरकवत ठेवली, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या मागे मागे, तर ते बऱ्याचदा विचित्र दिसतं, कॅमेरा जागेवर आहे आणि चित्र घसरतंय हे डोळ्याला कळतं. मी तरी कट मारतो, सरकवत नाही.

आता भावाच्या भावाकडे येऊ, म्हणजे त्या खाली लिहिलेल्या किमतीकडे.

उभी रील पूर्ण स्क्रीनभर दिसते म्हणून आपल्याला वाटतं सगळी जागा आपली. पण ॲपचं सामान त्याच्यावरच मांडलेलं असतं. खाली डावीकडे अकाउंटचं नाव, कॅप्शन, गाणं, उजवीकडे खाली लाईक, कॉमेंट, शेअरची माळ, वर पण थोडं काही ना काही. याच्या खाली दबणार नाही अशी जी जागा उरते तिला सेफ एरिया म्हणतात, सुरक्षित जागा. इन्स्टाची मालक कंपनी मेटा जाहिरातीच्या रीलसाठी सांगते की वरून साधारण १४ टक्के, खालून ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंना ६-६ टक्के जागेत अक्षरं, लोगो ठेवू नका. खालून ३५ टक्के! म्हणजे १९२० मधले खालचे ६७० ठिपके गेले, वरचे २७० गेले, उरले ९८०. रुंदीत दोन्हीकडून ६५-६५ गेले, उरले ९५०. म्हणजे एवढ्या उंच स्क्रीनमध्ये अक्षरं लिहायला तुम्हाला जागा मिळते ९५० बाय ९८०, जवळपास चौकोन. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं, उभा व्हिडिओ उभा व्हिडिओ म्हणून एवढं केलं आणि शेवटी चौकोनी पाटीच हातात आली.

जाहिरात नसलेल्या साध्या रीलवर खाली एवढं सामान नसतं, जाहिरातीला ते "अधिक माहिती" वगैरे बटण जास्तीचं असतं. पण कॅप्शन लांब असली की साध्या रीलवरही बरंच झाकतं, आणि चांगली चालली तर काका तीच रील पैसे भरून बूस्ट करणार, मग जाहिरातच झाली की. म्हणून मी पहिल्यापासूनच ३५ धरतो.

परत ग्रिड आठवा. फोन उभा धरला की तीन आडवे पट्टे होतात, प्रत्येक ३३ टक्क्यांचा. खालचा पट्टा ३३, सोडायची जागा ३५. म्हणजे खालच्या पट्ट्यात आणि त्याच्या रेघेला चिकटून काही लिहायचं नाही. वरचा पट्टा ३३ आणि सोडायचे १४, म्हणजे वरच्या पट्ट्याचा वरचा निम्म्याला थोडा कमी भाग सोडायचा. मधला पट्टा पूर्ण तुमचा. किंमत, नाव, फोन नंबर, जे वाचलं गेलंच पाहिजे ते मधल्या पट्ट्यात किंवा वरच्या पट्ट्याच्या खालच्या निम्म्यात. एडिटिंग ॲपमध्ये ग्रिड नसली तरी आता डोळ्यांना तीन भाग करता येतात.

पण गैरसमज नको, खालच्या पट्ट्यात चित्रच नको असं नाही. चादर खुशाल खालपर्यंत जाऊ द्या, तिच्यावर कॅप्शन आली तर काही बिघडत नाही. फक्त जे वाचायचं आहे आणि ज्याच्याकडे बघायचं आहे ते तिथे नको. आमच्या चादरीत मोर मधोमध होता म्हणून वाचला, पण एखाद्या चादरीचं नक्षीकाम खालच्या काठाला असेल तर ती उलटी लटकवा, किंवा फोन थोडा खाली कलवा म्हणजे काठ मधल्या पट्ट्यात येईल. भावाने किंमत खाली का लिहिली तर टीव्हीवर पट्टी खालीच असते म्हणून. टीव्हीच्या पट्टीवर कोणी लाईकचं बटण आणून ठेवत नाही.

बाजूचे ६ टक्के कशाला, असं वाटेल. आताचे फोन ९:१६ पेक्षा लांबुळके झालेत. व्हिडिओ त्यात बसवताना कुठे वर-खाली काळी जागा सोडतात, कुठे स्क्रीन भरायला व्हिडिओ थोडा मोठा करून बाजू कापतात. कडेला चिकटून लिहिलेल्या फोन नंबरचा पहिला आकडा गेला की गिऱ्हाईक दुसऱ्यालाच फोन लावणार. आणि प्रोफाईलवर जे छोटे चौकट दिसतात ते इन्स्टाने जानेवारी २०२५ पासून चौरसाचे ३:४ केलेत, म्हणजे रीलच्या कव्हरचे वरून २४० आणि खालून २४० ठिपके तिथे दिसत नाहीत. कव्हरवर दुकानाचं नाव अगदी वर लिहिलं तर प्रोफाईलवर ते अर्धं कापलेलं दिसतं. वरचं १४ टक्क्याचं पाळलं की हे आपोआप सांभाळलं जातं.

मग आम्ही काय केलं? रविवारी दुकान उघडायच्या आधी गेलो. पहिली अडचण म्हणजे दुकान अरुंद, समोर काउंटर, मागे सरकायला जागा नाही. भाऊ म्हणाला पॉइंट फाईव्हवर घेऊ का, म्हणजे वाईड लेन्सवर, सगळं बसेल. बसतं, पण बऱ्याच फोनमध्ये तो कॅमेरा मेन कॅमेऱ्यापेक्षा हलका असतो, दुकानातल्या ट्यूबलाईटमध्ये दाणेदार येतं, आणि कडेच्या रेघा वाकतात-ताणतात. चादरीचे काठ बरोबर कडेलाच असतात, ते फुगल्यासारखे दिसले असते. त्यापेक्षा चादर दुकानाच्या शटरवर बाहेर लटकवली आणि रस्त्यावरून मेन कॅमेऱ्यानं उभं 4K, सेकंदाला ३० फ्रेम घेतलं. सकाळी सावलीत. उन्हाळ्यात हे दुपारी करू नका, सोलापूरच्या ऊन्हात 4K घेताना फोन तापतो, स्क्रीन मंद होते, कधी कधी रेकॉर्डिंगच थांबतं.

जागेचं पण बघायला लागतं. आयफोन स्वतःच सांगतो की 1080p ला मिनिटाला साधारण ६० एमबी आणि 4K ३० ला साधारण १७० एमबी. दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे घेतले तर काही वाटत नाही, पण लग्नाचा आख्खा दिवस 4K मध्ये म्हटलं तर आधी फोन रिकामा करा.

एक शॉट वरून पाहिजे होता, चादर खाली पसरून फोन तिच्यावर सपाट धरून. यात एक गंमत होते जी माझ्याकडून कितीतरी वेळा झालीय. फोन उभा आहे का आडवा हे त्याला जमीन कुठल्या बाजूला आहे यावरून कळतं. सपाट धरला की त्याला काहीच कळत नाही, आणि तो आधीचंच काहीतरी धरून बसतो. मग घरी येऊन बघावं तर उभा घेतलेला व्हिडिओ आडवा पडलेला. त्यात रेकॉर्डिंग सुरू झालं की दिशा पक्की होते, मध्येच फोन फिरवून उपयोग नाही, चित्रच कोलमडलेलं दिसतं. उपाय साधा आहे, फोन आधी भिंतीसारखा सरळ उभा धरा, रेकॉर्ड दाबा, आणि मग हळू खाली झुकवा. सुरुवातीचे दोन सेकंद नंतर कापा. शेंगाचटणीचा उखळातला व्हिडिओ घेणारी एक वहिनी मला विचारत होती की दर वेळी आडवा का पडतो, तो यामुळेच.

शूट झाल्यावर भावाने फाईल मला व्हॉट्सॲपवर पाठवली. मी कपाळाला हात लावला. साध्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला की व्हॉट्सॲप तो बारीक करून पाठवतं, एवढं 4K घेतलं त्याची माती. परत डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावलं. आल्यावर फाईलची माहिती उघडून माप बघितलं, ३८४० आणि २१६० हे आकडे दिसले तेव्हाच एडिटिंगला बसलो. ही सवय लावून घ्या, चित्र बघून "चांगलं वाटतंय" म्हणू नका, आकडे बघा. आणि शेवटी चित्र पण बघा, व्हिडिओ थांबवून चादरीच्या काठावर झूम करा, दोरे सुटे दिसतायत का एकमेकात विरघळलेत ते बघा. तिरप्या रेघांना जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या असतील तर कुठेतरी ताणलं गेलंय.

पहिल्या आडव्या शूटचं काय केलं? टाकून नाही दिलं, त्यात काका बोलतात ते फार छान होतं आणि ते परत तसं बोलले नसते. ते न कापता, आहे तसं आडवंच उभ्या स्क्रीनच्या मध्ये ठेवलं. १०८० रुंदीत ते ६०७ उंचीचं बसतं, म्हणजे स्क्रीनच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. लहान दिसतं पण एकदम कडक, कारण इथे ताणलेलं नाही, उलट आवळलेलं आहे. वरच्या मोकळ्या जागेत, पण १४ टक्के सोडून, दुकानाचं नाव टाकलं, खालची जागा कॅप्शनसाठी तशीच रिकामी ठेवली. जुनं 1080p आडवं शूट असेल आणि परत घेणं शक्य नसेल तर कापण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

राहिला दुकानातला टीव्ही. उभ्या 4K मधून आडवी पट्टी कापून बघितली, ठिपके पुरत होते, पण ९० इंच उंच चादरीतली पट्टी म्हणजे नुसता मोर आणि आजूबाजूचा थोडा भाग. ठिपक्यांचा हिशोब बसला आणि चादर बसली नाही. मग काकाच म्हणाले, "आडवंच पाहिजे ना तुम्हाला? मग चादरच आडवी करा की." तीन चादरी शेजारी शेजारी लटकवल्या, प्रत्येकीची अर्धी घडी करून, आणि त्या टीव्हीसाठी फोन आडवा धरून वेगळा शॉट घेतला. दहा मिनिटं लागली. शटरवरच्या चादरी उतरवेपर्यंत पहिलं गिऱ्हाईक येऊन उभं होतं आणि त्याला लटकवलेल्यातलीच मधली पाहिजे होती.